कारण खरं आहे, पण कशाचं?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2023 सालच्या पूर्वपरीक्षेत दोन विधानांचा एक प्रश्न होता. पहिलं विधान असं, की उष्ण कटिबंधातल्या वर्षावनांची जमीन पोषकद्रव्यांनी समृद्ध असते. दुसरं असं, की तिथल्या जास्त तापमानामुळे आणि ओलाव्यामुळे जमिनीतले मृत सेंद्रिय पदार्थ लवकर कुजतात. ही विधानं बरोबर आहेत का आणि दुसरं विधान पहिल्याचं स्पष्टीकरण आहे का, हे उमेदवाराने ठरवायचं होतं.

दोन्ही विधानं लागोपाठ वाचली की डोक्यात आपोआप एक साखळी तयार होते. ऊन भरपूर, पाऊस भरपूर, पालापाचोळा भराभर कुजतो, त्याचं खत होतं आणि जमीन कसदार बनते. साखळी इतकी सरळ आहे की शंका घ्यायला जागाच दिसत नाही. वर घनदाट जंगलाचं चित्र डोळ्यांसमोर असतंच. एवढं जंगल ज्या जमिनीवर उभं आहे ती निकस कशी असेल? मग दोन्ही बरोबर, दुसरं पहिल्याचं कारण, असा पर्याय रंगवला जातो आणि गुण जातात.

कारण वर्षावनांची जमीन बहुतेक ठिकाणी निकस असते. पालापाचोळा लवकर कुजतो हे खरंच आहे. पण कुजून मोकळी झालेली पोषकद्रव्यं जमिनीत साठत नाहीत. वरच्या थरात पसरलेली झाडांची मुळं ती ताबडतोब शोषून घेतात आणि उरलीसुरली मुसळधार पावसात धुऊन खाली जातात. जंगलाची श्रीमंती झाडांच्या अंगात असते, जमिनीत नसते. म्हणून असं जंगल तोडून शेती केली तर थोडी वर्षं पीक बरं येतं आणि मग जमीन बसते. फिरती शेती करणारे लोक जागा बदलत राहतात त्यामागे हेही एक कारण आहे. थोडक्यात, पहिलं विधान चूक, दुसरं बरोबर.

आता यातली गंमत बघा. ‘वर्षावनांची जमीन पोषकद्रव्यांनी समृद्ध असते, चूक की बरोबर?’ एवढंच एकटं विचारलं असतं, तर भूगोल नीट वाचलेल्या विद्यार्थ्याला पावसाने होणारी धूप आणि निचरा आठवला असता. त्याला उत्तर येत होतं. दुसऱ्या विधानाने त्याला ते विसरायला लावलं. खऱ्या विधानाने आपला खरेपणा शेजारच्या चुकीच्या विधानाला उसना दिला आणि मधल्या ‘म्हणून’ने सौदा पक्का केला. विधान आणि कारण या प्रकारच्या प्रश्नांची सगळी ताकद इथे आहे, आणि त्यावरचा उपायही यातूनच निघतो. दोन्ही विधानं एकमेकांपासून तोडायची, प्रत्येकाचा निकाल स्वतंत्रपणे लावायचा आणि त्यानंतरच ‘म्हणून’कडे वळायचं.

हा प्रकार आता सगळीकडे आहे. केंद्रीय मंडळाच्या दहावी-बारावीच्या विज्ञान आणि गणिताच्या पेपरांत तो असतो, नीटमध्ये असतो, स्पर्धापरीक्षांत तर असतोच. पर्याय साधारण चार. पहिला, दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण. दुसरा, दोन्ही बरोबर पण कारण हे स्पष्टीकरण नाही. तिसरा, विधान बरोबर, कारण चूक. चौथा, विधान चूक, कारण बरोबर. पुढे मी याच क्रमाने पहिला, दुसरा असं म्हणणार आहे. परीक्षेत मात्र क्रम डोळ्यांनी पाहूनच घ्यावा, कारण काही पेपरांत तो उलटापालटा करून दिलेला असतो. काही ठिकाणी पर्यायही बदलतो. एम्सची वैद्यकीय प्रवेशपरीक्षा 2020 मध्ये नीटमध्ये सामावली गेली. त्याआधीच्या तिच्या जुन्या पेपरांत चौथा पर्याय ‘दोन्ही चूक’ असा असे. या एका फरकाने हिशोब कसा बदलतो ते पुढे येईल.

या चार पर्यायांकडे नीट पाहिलं तर प्रश्नात दोन नाही, तीन दावे आहेत हे लक्षात येतं. विधान हा एक दावा, कारण म्हणून दिलेलं वाक्य हा दुसरा, आणि दुसऱ्यामुळे पहिलं घडतं हा न लिहिलेला तिसरा. तिसऱ्या दाव्याचा प्रश्न पहिले दोन्ही खरे ठरले तरच उपस्थित होतो. एक जरी चूक निघाला तरी संबंधाचा विचार करायची गरजच उरत नाही. तरीही विद्यार्थी सुरुवात तिसऱ्यापासून करतात, कारण वाचताना तोच सर्वांत आधी जाणवतो.

प्रत्यक्षात करायचं ते असं. कारणाची ओळ बोटाने झाकायची आणि विधान एकटं वाचायचं. खरं की खोटं, ते ठरवून समासात बरोबरची किंवा चुकीची खूण करायची. मग विधान झाकायचं आणि कारणाची ओळ अशी वाचायची, जणू ती एका वेगळ्याच पेपरातून आली आहे. इथे एक छोटी अडचण येते. कारणाच्या ओळीत पुष्कळदा ‘ती’, ‘त्याचे’, ‘तेथील’ असे शब्द असतात आणि ते विधानाकडे बोट दाखवतात. त्या जागी मूळ नाव घालून वाक्य पूर्ण करून घ्यायचं. ‘तिची घनता कमी असते’ या वाक्याचा खरेखोटेपणा ठरवता येत नाही. ‘बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी असते’ याचा ठरवता येतो. बोटाने झाकणं पोरकट वाटेल, पण सरावाच्या पहिल्या काही पेपरांत ते करावंच. डोळ्यांसमोर दुसरी ओळ असताना ‘मी तिचा विचार करत नाही’ असं ठरवणं फार कठीण असतं.

एकटं वाचताना वाक्याची व्याप्तीही दिसू लागते. ‘सूर्यग्रहण अमावास्येला होते’ आणि ‘दर अमावास्येला सूर्यग्रहण होते’ ही वाक्यं घाईत सारखीच भासतात, विशेषतः खाली ‘अमावास्येला चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूस असतो’ असं खरं कारण लिहिलेलं असेल तर. पण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीला चुकवून जाते. दुसरं वाक्य चूक आहे. सर्व, नेहमी, फक्त, प्रत्येक, हे शब्द एकट्या वाक्यात उठून दिसतात, जोडीत हरवतात.

आता या पद्धतीची खरी परीक्षा घेणारं उदाहरण. विधान: जानेवारीत भारतात हिवाळा असतो. कारण: जानेवारीत पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते. दोन्ही एकत्र वाचली तर हा शेकोटीपासून दूर बसण्याचाच प्रकार वाटतो. कारण एकटं वाचा. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीलाच, साधारण 14 कोटी 71 लाख किलोमीटर अंतरावर. सर्वांत दूर ती जुलैच्या सुरुवातीला असते, साधारण 15 कोटी 21 लाख किलोमीटरवर. म्हणजे कारण चूक. विधान बरोबर, तिसरा पर्याय. वर्षावनाच्या प्रश्नात खऱ्या कारणाने खोटं विधान खपवलं होतं. इथे खऱ्या विधानाने खोटं कारण खपवलं.

याच प्रश्नातला एक शब्द बदला. कारण: जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. आता काय? वर्गात हा प्रश्न टाकला की ‘कारण चूक!’ असा आवाज येतो आणि तिसरा पर्याय सुचवला जातो. ‘सूर्याजवळ असल्यामुळे कधी थंडी पडेल का?’ असा त्यामागचा विचार असतो आणि तो योग्यही आहे. पण तो विचार संबंधाबद्दल आहे, वाक्याबद्दल नाही. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते हे वाक्य स्वतःपुरतं शंभर टक्के खरं आहे. ते हिवाळ्याचं कारण नाही, एवढंच. म्हणून उत्तर दुसरा पर्याय. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वांत मोठी गफलत आहे, आणि ती घाईपेक्षा भाषेमुळे जास्त होते: ‘कारण चूक आहे’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच तोंडाने बोलतो. वाक्य खोटं आहे, ही एक. वाक्य खरं पण इथे गैरलागू आहे, ही दुसरी. पहिलीने तिसरा पर्याय मिळतो, दुसरीने दुसरा. म्हणून सरावाच्या वहीत कारणासमोर ‘चूक’ लिहायच्या ऐवजी ‘खोटं’ किंवा ‘खरं पण गैरलागू’ असं लिहायला लावावं. थोड्याच दिवसांत फरक दिसतो.

दोन्ही वाक्यं खरी ठरली की मगच अवघड भाग सुरू होतो. पहिला पर्याय की दुसरा? इथे ‘संबंध वाटतो का’ असं मनाला विचारून उपयोग नाही, कारण पेपर काढणारा दोन असंबद्ध वाक्यं सहसा एकत्र देत नाही. दोन्ही एकाच धड्यातली असतात, पुष्कळदा एकाच परिच्छेदातली. संबंध वाटणारच. त्याऐवजी एक ठोस प्रश्न विचारायचा: कारण काढून टाकलं, तर विधान उरतं का?

जानेवारीच्या उदाहरणावर हे करून पाहू. समजा पृथ्वीची कक्षा अगदी गोल असती आणि जानेवारीत ती जवळही नसती, लांबही नसती. भारतात हिवाळा आला असता का? आला असता. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, जानेवारीत उत्तर गोलार्ध सूर्यापासून दुसऱ्या बाजूला झुकलेला असतो, किरणं तिरपी पडतात आणि दिवस लहान असतो. अंतराचं कारण काढलं तरी हिवाळा जागच्या जागी राहतो. म्हणजे ते स्पष्टीकरण नव्हे. आता कारणाच्या जागी ‘जानेवारीत उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर कललेला असतो’ असं वाक्य ठेवा आणि मनातल्या मनात अक्ष सरळ उभा करा. ऋतूच नाहीसे झाले. हे स्पष्टीकरण.

सरावासाठी मला बर्फाचं विधान फार आवडतं, कारण विधान तेच ठेवून नुसती कारणं बदलत गेलं की उत्तर कसं हलतं ते दिसतं. विधान: बर्फ पाण्यावर तरंगतो. कारण म्हणून आधी लिहा, ‘बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी असते.’ खरं आहे; घनसेंटिमीटरला पाणी 1 ग्रॅम धरलं तर बर्फ 0.92 ग्रॅमच्या आसपास. बर्फ पाण्यापेक्षा जड असता तर बुडाला असता. पहिला पर्याय. मग लिहा, ‘बर्फाचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा हलका असतो.’ ऐकायला याच धाटणीचं, पण रेणू दोन्हीकडे तोच, हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू. वाक्य खोटं, तिसरा पर्याय.

यानंतर लिहा, ‘पाण्याची घनता 4 अंश सेल्सियसला सर्वाधिक असते.’ इथे चांगले विद्यार्थी अडखळतात. वाक्य खरं आहे, त्यात घनताही आहे, पाणीही आहे, आणि पाण्याच्या असंगत वर्तनाच्या धड्यात ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारीच येतात. काढून पाहा. एखाद्या द्रवात 4 अंशांची ही खोड अजिबात नाही, पण त्याचं घनरूप द्रवापेक्षा हलकं आहे, असं झालं तर? घनरूप तरीही तरंगेल. हे नुसतं कल्पनेतलं नाही. बिस्मथ धातूचं घनरूप त्याच्या वितळलेल्या रूपावर तरंगतं आणि तिथे 4 अंशांचा काही संबंध नाही. थंड प्रदेशातलं तळं वरून गोठतं तेव्हा तळाशी 4 अंशांचं पाणी का टिकून राहतं, याचं स्पष्टीकरण या वाक्यात आहे. बर्फ का तरंगतो याचं नाही. दुसरा पर्याय. वाक्य खरं असतं, पण दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं, हा दुसऱ्या पर्यायाचा सर्वांत आवडता साचा आहे. तेव्हा ‘हे या विधानाचं कारण नाही’ असं वाटलं तर ‘मग हे कशाचं कारण आहे?’ असं विचारावं. ती दुसरी जागा सापडली की निर्णय पक्का होतो.

आणखी एक साचा दिशेचा असतो. विधान: मे महिन्यात भारताच्या वायव्य भागात हवेचा दाब कमी होतो. कारण: समुद्रावरून बाष्पयुक्त वारे भूभागाकडे येऊ लागतात. दोन्ही गोष्टी घडतात, दोन्हींचा घट्ट संबंध आहे, पण बाण उलटा आहे. जमीन तापते, हवा वर चढते, दाब कमी होतो आणि म्हणून वारे तिकडे ओढले जातात. कारण म्हणून दिलेलं वाक्य हा परिणाम आहे. इथे वेळेचा क्रम मदतीला येतो: आधी काय झालं? परिणाम कारणाच्या आधी येत नाही.

हे सगळे सापळे वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक संबंधात खोट काढू लागतात. 2024 च्या पूर्वपरीक्षेत विचारलं होतं, की विषुववृत्तावर तपांबराची जाडी ध्रुवांपेक्षा बरीच जास्त असते, आणि दुसरं विधान होतं की विषुववृत्तावर जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाहांमुळे उष्णता खूप उंचीपर्यंत पोहोचते. विषुववृत्तावर ही जाडी सुमारे 18 किलोमीटर, ध्रुवांवर सुमारे 8. दोन्ही विधानं बरोबर. उष्णता इतक्या उंचावर पोहोचवणारे प्रवाह काढून टाका. मग तपांबराला तेवढं उंच फुगण्याचं कारण उरत नाही. सरळ पहिला पर्याय. सगळेच प्रश्न फसवायला काढलेले नसतात.

आता जिथे ही पद्धत थोडी दमते तिथे येऊ. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला जवळचं उदाहरण घेतो. विधान: दख्खनच्या पठारावरची काळी मृदा कापसाला अनुकूल असते. कारण: ही मृदा बेसॉल्ट खडकाच्या विदारणातून तयार झाली आहे. दोन्ही खरी. स्पष्टीकरण? शिक्षकांमध्येही यावर दोन पक्ष पडतील.

काळी मृदा कापसाला मानवते ती मुख्यतः ओलावा धरून ठेवते म्हणून. तिच्यात चिकणमातीचे अतिशय बारीक कण असतात. ते पाणी शोषून फुगतात, ते हळूहळू सोडतात, आणि पाऊस थांबल्यावरही कपाशीच्या खोल मुळांना ओल मिळत राहते. ‘ही मृदा ओलावा टिकवून धरते’ असं कारण असतं तर वादच नव्हता. बेसॉल्ट हे त्या चिकणमातीच्याही मागचं कारण आहे. लांबचं कारण स्पष्टीकरण मानायचं का? बर्फाच्या उदाहरणात ‘गोठताना पाण्याचे रेणू मोकळ्या जागा सोडून षट्कोनी रचनेत बसतात’ असं कारण दिलं असतं, तर तेही घनतेच्या एक पायरी मागचंच होतं, पण ते मी बेधडक पहिल्या पर्यायात टाकलं असतं. मग बेसॉल्टलाच का अडवायचं?

यासाठी काढून पाहण्याच्या प्रश्नाला एक जोडप्रश्न लागतो: कारण हजर असूनही विधान गैरहजर, असं कुठे दिसतं का? षट्कोनी रचना आली की घनता घटणारच, मधली पायरी चुकत नाही. बेसॉल्टचं तसं नाही. महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन बघा. खाली तोच दख्खनचा बेसॉल्ट आहे, पण घाटमाथ्यावरच्या धो धो पावसाने त्याचा जांभा झाला आहे. तिथे कोणी कापूस लावत नाही. पठारावरच्या बेताच्या पावसात त्याच खडकाची काळी माती झाली. म्हणजे बेसॉल्टमुळे कापसाची जमीन होतेच असं नाही. हवामान मध्ये पडतं. म्हणून मी इथे दुसरा पर्याय देईन. पण पहिला पर्याय देणाऱ्या शिक्षकाला मी मूर्ख म्हणणार नाही, कारण पाठ्यपुस्तकात बेसॉल्ट, काळी माती आणि कापूस ही तीन नावं एका दमात आलेली असतात. अशा प्रश्नात उत्तर तर्कापेक्षा त्या पुस्तकाने साखळी कुठून कुठे नेली आहे यावर अवलंबून राहतं. राज्य लोकसेवा आयोग आधी तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध करून तिच्यावर हरकती मागवतो. हरकत घेताना ‘मला संबंध वाटत नाही’ असं लिहून भागत नाही. कारण असूनही परिणाम नसल्याचं असं एखादं ठोस उदाहरण आणि त्याचा ग्रंथाधार दाखवावा लागतो.

आता राहिलेल्या हिशोबाकडे. चौथा पर्याय ‘विधान चूक, कारण बरोबर’ असा असेल, तर ‘दोन्ही चूक’ला यादीत जागाच नसते. त्याचा फायदा घ्यावा. विधान चूक आहे अशी खात्री झाली की कारण न वाचताही उत्तर चौथं. कारण चूक आहे अशी खात्री झाली की विधान न कळताही उत्तर तिसरं. एक वाक्य पक्कं खोटं ठरलं की काम संपलं. म्हणून दोन्हींपैकी ज्याची जास्त माहिती आहे त्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. एम्सच्या जुन्या पेपरांसारखा ‘दोन्ही चूक’ पर्याय असेल तर मात्र हे चालत नाही, तिथे कारण खोटं ठरल्यावरही विधान तपासावं लागतं. पर्याय आधी वाचायचे ते यासाठी.

उलट, एक वाक्य खरं ठरल्याने फारसं हाती लागत नाही, फक्त एकच पर्याय बाद होतो. दोन्ही खरी ठरली आणि संबंधच कळत नसेल तर दोन पर्याय उरतात. केंद्रीय पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात आणि चुकीला त्याचा एक तृतीयांश कापला जातो. नीटमध्ये 4 मिळतात आणि 1 कापला जातो. दोनपैकी एक निवडताना दोन्हीकडे धोका पत्करण्यासारखा आहे. केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत चुकीला गुण कापतच नाहीत, तिथे प्रश्न सोडून देणं हा शुद्ध तोटा.

अलीकडच्या केंद्रीय पूर्वपरीक्षांत याच प्रकाराला एक फांदी फुटली आहे. एक मुख्य विधान आणि त्याखाली दोन स्पष्टीकरणं. उदाहरणार्थ, पाऊस हे खडकांच्या विदारणाचं एक कारण आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पावसाच्या पाण्यात वातावरणातला ऑक्सिजन असतो. पर्याय वाचले की लक्षात येतं, मुख्य विधान चूक असण्याची शक्यता तिथे विचारलेलीच नाही. खालची दोन विधानं खरी का आणि त्यातलं कोणतं मुख्य विधानाचं स्पष्टीकरण, एवढंच विचारलेलं असतं. इथे संबंधाची तपासणी दोनदा आणि वेगवेगळी करावी लागते. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी सौम्य आम्लधर्मी होतं आणि चुनखडीसारखा खडक विरघळवतं. ऑक्सिजन खडकातल्या लोहाला गंजवतो आणि खडक ठिसूळ करतो. दोन वाटा वेगळ्या, पण दोन्ही विदारणाकडेच जातात, तेव्हा दोन्ही स्पष्टीकरणं ग्राह्य. एक पटलं म्हणून दुसरं बाद होत नाही, कारण एका घटनेला दोन कारणं असू शकतात.

शेवटी शाळा-महाविद्यालयांत असे प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. दुसरा पर्याय उत्तर म्हणून ठेवायचा असेल, तर त्या विधानाचं योग्य कारण एका वाक्यात आधी स्वतःच्या वहीत लिहा, आणि पेपरात दिलेलं कारण त्या वाक्याच्या मागची पायरी तर नाही ना, हे तपासा. तशी पायरी निघाली तर ते वाक्य बदला. विद्यार्थ्याला बर्फाचा आणि 4 अंशांचा प्रश्न द्या. बेसॉल्टचा आणि कापसाचा देऊ नका.